मोक्ष मिळतो कोणाला, आणि निर्वाण होतं कोणाचं?

वर्धेकाठी:
आमचं गाव वर्धा नदीच्या काठावर. अर्धी वस्ती वारकरी, अर्धी बौद्ध. परवा एका तेरवीला कीर्तन झालं, त्यात महाराज म्हणाले की मोक्ष आणि निर्वाण एकच, पंथ तेवढे वेगळे. परत येताना सोबत एक निवृत्त गुरुजी होते. विहारात दर पौर्णिमेला तेच वाचन करतात. ते म्हणाले, "एक नाही. तुमच्या मोक्षात सुटणारा कोणीतरी असतो. आमच्या इथे तोच सापडत नाही." वाट संपली, बोलणं तिथेच राहिलं.

तेव्हापासून मी यातच अडकलो आहे. जन्ममरणाचा फेरा थांबतो हे दोघंही सांगतात. मूळ तृष्णेत किंवा अज्ञानात आहे हेही दोघांना मान्य. पण आत्माच नाही म्हटलं, तर निर्वाण मिळतं कोणाला? आणि आत्मा आधीपासूनच मुक्त असेल, तर मोक्ष मिळवायचा कोणी? कोणाचा मार्ग वरचढ हे मला विचारायचं नाही. जाणत्यांनी कृपया एवढंच उलगडून सांगावं.

पऱ्हाटी:
मले त काई फरक वाटत नाई भाऊ. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शेवटच्या श्लोकात 'ब्रह्मनिर्वाण' असाच शब्द हाय. भगवंतानं सोताच दोनी एका जागी आणून ठेवले. नदी समुद्राले मिळाली का मंग कोनती वर्धा अन् कोनती वैनगंगा? महाराज बराबर बोलले.

धम्मपथिक:
जयभीम. पऱ्हाटीभाऊ, समुद्राला मिळायला आधी नदी मानावी लागते. तुमच्या उदाहरणात आत्मा गृहीत धरलेला आहे आणि प्रश्न त्याचाच आहे.

मी पवनीकडचा. आमच्या घरात आजोबांनी १९५६ साली दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली. आम्हाला लहानपणापासून शिकवलं ते असं की निर्वाण मेल्यावर मिळायची वस्तू नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये स्पष्ट लिहिलं आहे: आत्म्याची मुक्ती वेगळी आणि माणसाचं सुख वेगळं, बुद्धाला दुसरं हवं होतं. लोभ, द्वेष, मोह यांची आग सतत पेटलेली असते, तिच्यावर ताबा म्हणजे निब्बाण. ते याच आयुष्यात, याच संसारात. म्हणून अष्टांगिक मार्ग. मेल्यावर कुठे जायचं हा आमचा प्रश्नच नाही.

मोर्शीची_सून:
नमस्कार. मी पहिल्यांदाच लिहिते आहे. आमच्या मामंजींचं मागच्या महिन्यात निधन झालं. अस्थी कौंडण्यपूरला विसर्जित केल्या, तेरवीही झाली. आता नात्यातले एक जण म्हणतात की अमुक विधी केला नाही तर त्यांना मोक्ष मिळणार नाही, आणि खर्च बराच सांगतात. सोयाबीनचे पैसे अजून हातात आलेले नाहीत. सासूबाई रोज रडतात की आपल्यामुळे त्यांचा आत्मा अडकला. बौद्ध लोकांत हे कसं करतात? काही कमी खर्चाचं असतं का?

धम्मपथिक:
ताई, आमच्याकडे जलदान आणि पुण्यानुमोदन होतं. भंतेजी किंवा बौद्धाचार्य येतात, त्रिसरण पंचशील होतं, चार शब्द बोलतात, जेवण होतं. मृताला निर्वाण मिळवून देण्याचा विधी नसतो. ते दुसऱ्याने मिळवून देण्यासारखं नाहीच.

जुनी_पोथी:
मोर्शीच्या ताई, तुमचा प्रश्न या धाग्यात चुकून आला असं कोणाला वाटेल, पण मला तो महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी तुम्हालाच उत्तर देते.

सासूबाईंना निर्धास्तपणे सांगा की दिवसकार्य मोक्षासाठी नसतं. दहावा, तेरवी, सपिंडीकरण यांचा हेतू गेलेल्याला पितरांच्या पंक्तीत बसवणं हा आहे. छांदोग्य उपनिषदात दोन वाटा सांगितल्या आहेत. एक पितृयान. त्या वाटेने गेलेला चंद्रलोकापर्यंत जातो, पुण्य सरलं की ढगात येतो, पावसातून खाली पडतो आणि तांदूळ, जव, तीळ, उडीद होऊन पुन्हा अन्नातून जन्माला येतो. दुसरी देवयान, तिथून परत येणं नाही. श्राद्धाचा संबंध पहिल्या वाटेशी आहे. मोक्ष तर शंकराचार्यांच्या मते कोणत्याही कर्माने मिळत नाही, कारण कर्माने जे मिळतं ते कधीतरी संपतं. मग दुसऱ्याच्या हातून झालेल्या, पैसे मोजून केलेल्या विधीने तो कसा मिळेल? तुम्ही केलंत ते पुरेसं आहे. उसनवारी करू नका.

आता मूळ प्रश्न. मी संस्कृत शिकवायचे, पाली नंतर शिकले, त्यामुळे दोन्ही घरांतून थोडी ये-जा आहे.

बृहदारण्यकात याज्ञवल्क्य घर सोडून निघाले आहेत आणि मैत्रेयी व कात्यायनी यांच्यात वाटणी करणार आहेत. मैत्रेयी विचारते, सगळी पृथ्वी धनाने भरून मला दिली तर मी अमर होईन का? ते म्हणतात, नाही, फक्त श्रीमंतांसारखं जगशील. मग ती म्हणते, तुम्हाला जे कळलं तेच सांगा. तेव्हा ते मिठाच्या खड्याचं उदाहरण देतात. खडा पाण्यात टाकला की विरघळतो, हाताने बाहेर काढता येत नाही, पण पाणी कुठूनही चाखा, खारटच. तसं हे महान, अनंत, निव्वळ ज्ञानरूप आहे. आणि पुढे म्हणतात, गेल्यावर संज्ञा, म्हणजे जाणीव, उरत नाही.

मैत्रेयी घाबरते. म्हणते, इथेच तुम्ही मला गोंधळात टाकलंत. तिची भीती आपल्या सगळ्यांची आहे: संज्ञाच उरणार नसेल तर मी संपलेच ना? याज्ञवल्क्यांचं उत्तर असं की जिथे दोन असतात तिथे एक दुसऱ्याला पाहतो, ऐकतो, जाणतो. जिथे सगळं आत्माच झालं तिथे कोण कोणाला कशाने पाहणार? जाणणाऱ्याला कशाने जाणायचं? त्याच उपनिषदात हा संवाद पुन्हा येतो, तिथे ते आणखी स्पष्ट करतात: हा आत्मा अविनाशी आहे. म्हणजे 'मी अमका' ही खूणगाठ सुटते, पण जो खरा होता तो जात नाही, कारण तो कधी आलेलाच नव्हता.

वर्धेकाठी, मोक्ष मिळवायचा कोणी, याचं अद्वैताचं उत्तर हेच आहे. नवीन काही मिळत नाही. बांधलेले आहोत हा समज जातो.

मोर्शीची_सून:
ताई, हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. पावसातून परत येतात हे त्यांना फार पटलं. विधीचं आम्ही नाही म्हणून कळवतो.

वर्धेकाठी:
पोथीताई, मनापासून आभार. पण मग गुरुजींची बाजू कशी मांडाल? 'सापडत नाही' म्हणजे काय?

जुनी_पोथी:
मज्झिम निकायात वच्छगोत्त नावाचा परिव्राजक बुद्धांकडे येतो. त्याचा प्रश्न बराचसा मैत्रेयीसारखा आहे. ज्याचं चित्त मुक्त झालं तो मेल्यावर कुठे जन्मतो? बुद्ध म्हणतात, 'जन्मतो' हे लागू पडत नाही. मग जन्मत नाही? तेही लागू पडत नाही. दोन्ही? दोन्ही नाही? तेही नाही. वच्छ म्हणतो, आधीच्या बोलण्याने जो काही विश्वास बसला होता तोही आता गेला. पाहा, मैत्रेयीही गोंधळली आणि हाही गोंधळला. दोघांना दोन वेगळ्या तऱ्हांनी बाहेर काढलं आहे.

बुद्ध विचारतात, तुझ्यासमोर आग जळत असेल तर ती कशाच्या आधारावर जळते? गवत आणि काटक्यांच्या. ती विझली तर पूर्वेला गेली, पश्चिमेला, उत्तरेला की दक्षिणेला? वच्छ म्हणतो, असं विचारताच येत नाही. सरपण संपलं, नवीन मिळालं नाही, म्हणून ती विझली. बुद्ध म्हणतात, तसंच माणूस ज्यांचा बनतो त्या पाच स्कंधांवरून, म्हणजे रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान म्हणजे जाणणं, यांवरून तथागताला ओळखावं, तर ते सगळं मुळासकट सुटलं आहे. आता तो महासागरासारखा खोल, मोजता न येणारा.

याज्ञवल्क्यांनी गोंधळ मिटवताना सांगितलं की जो आहे तो नष्ट होत नाही. बुद्धांनी 'आहे' आणि 'नाही' हे दोन्ही प्रश्न बाजूला ठेवले. माझ्या मते खरा फरक इथे आहे.

पऱ्हाटी:
मंग त शून्यच झालं ना पोथीताई. इस्तो इझला म्हंजे सपला. राहिलं काय? यापरीस मोक्ष बरा, आनंद त राहते.

जुनी_पोथी:
पऱ्हाटीभाऊ, हेच मत बुद्धांच्या हयातीत यमक नावाच्या भिक्खूचं होतं. अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेला माणूस, मेला की उच्छेद होतो, पुढे काही नाही, असं तो सांगत फिरायचा. बाकीच्या भिक्खूंनी समजावलं, ऐकेना. मग बुद्धांचे शिष्य सारिपुत्त यांच्याकडे गोष्ट गेली. त्यांनी विचारलं, हे रूप म्हणजे तथागत का? नाही. वेदना? नाही. या पाचांच्या बाहेर आहे का? नाही. पाचही मिळून? नाही. पाच वजा करून? नाही. मग आत्ता, समोर जिवंत असतानाही जो खऱ्या अर्थाने हाती लागत नाही, तो मेल्यावर नष्ट झाला असं तू कशाच्या आधारावर म्हणतोस? जे अनित्य आणि दुःखरूप होतं ते थांबलं, एवढंच म्हणता येतं. यमकाने मत सोडलं.

तेव्हा 'निर्वाण म्हणजे काहीच नाही' हे बौद्धांचं मत नाही. ते बौद्धांनी खोडून काढलेलं मत आहे. नष्ट व्हायला आधी कोणीतरी लागतो.

रिद्धपूरकर:
दंडवत प्रणाम. वाचतो आहे, छान चाललंय. पण मोक्ष म्हटलं की तुम्ही सगळे अद्वैतच धरून चालता, हे बरोबर नाही.

आमच्या महानुभाव पंथात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आणि एकमेकांपासून वेगळे. जीव परमेश्वर होत नाही. देवता आपापलं फळ देतात, ते संपलं की जीव परत. मोक्ष देणारा एकटा परमेश्वर. मोक्षात जीव त्याचा आनंद भोगतो, पण जीव जीवच राहतो. मिठाचा खडा आम्हाला चालत नाही. विरघळल्यावर आनंद घ्यायचा कोणी?

आणि ही काही दूरची गोष्ट नाही. श्रीगोविंदप्रभूंचं रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच आहे. या मातीत तेराव्या शतकापासून हा विचार मराठीत मांडला गेला. मग वऱ्हाडातला मोक्ष सांगताना तो वगळून कसं चालेल?

पऱ्हाटी:
हे मले पटलं. आमच्या तुकोबांनी त मोक्षच नाकारला बाप्पा. "न लगे मुक्ति धन संपदा, संतसंग देई सदा." गर्भवासात घाल म्हनतात, पन नाव घेऊ दे. भजनाले भजनारा लागतेच ना.

कारंजेकर:
कारंजा लाडहून. आमचा जैनांचा दाखला कोणी दिला नाही म्हणून थोडक्यात. आम्ही दोन्ही शब्द वापरतो. दिवाळीला महावीरांचं पावापुरीतलं निर्वाण म्हणून मंदिरात निर्वाण लाडू चढवतो, आणि त्याच घटनेला मोक्ष कल्याणक म्हणतो. पण आमचा सिद्ध जीव कुठे विलीन होत नाही. कर्म हे आमच्याकडे सूक्ष्म पुद्गल, म्हणजे जड द्रव्य आहे, ते पूर्ण झडलं की जीव आपोआप वर जातो आणि लोकाच्या टोकाला सिद्धशिलेवर राहतो. प्रत्येक जीव वेगळा. आकारही शेवटच्या देहापेक्षा थोडा कमी इतका उरतो. तेव्हा नुसत्या शब्दांवरून कोण कुठल्या बाजूला हे ठरवू नका. पऱ्हाटीभाऊंचा गीतेचा मुद्दा तिथेच सुटतो असं मला वाटतं.

वर्धेकाठी:
म्हणजे मोक्षवाल्यांच्यात 'कसा राहतो' यावर भांडण आहे. विरघळून, वेगळा राहून की वर जाऊन. पण 'राहतो' यावर एकमत आहे. बरोबर?

जुनी_पोथी:
बरोबर. आणि बुद्धांनी नेमकं त्याच 'राहतो'ला हात घातला.

धम्मपथिक:
पोथीताई, तुमचं बहुतेक पटलं, पण एक ठिकाणी थांबतो. तुम्ही 'मेल्यावर काय' या प्रश्नावर फार वेळ देता. बाबासाहेबांनी त्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच हा पेच मांडला आहे. आत्मा नाही आणि तरी कर्म व पुनर्जन्म आहे, हा भयंकर विरोधाभास कसा सोडवायचा? वर्धेकाठीभाऊंचा प्रश्न तोच आहे. बाबासाहेबांचं उत्तर असं की जुन्या अर्थाचा, एकाच आत्म्याने देह बदलण्याचा पुनर्जन्म बुद्धाने मानलाच नाही. मग फेऱ्यातून सुटका हा निर्वाणाचा अर्थ कसा होईल?

जुनी_पोथी:
धम्मपथिक, प्रस्तावनेतला प्रश्न तुम्ही अचूक आठवलात. पण मी वाचलेल्या पालीत अर्हताची घोषणा "खीणा जाति" अशी आहे, जन्म क्षीण झाला. एकदा नाही, शेकडो सुत्तांत. देह असतानाचं निर्वाण आणि देह पडल्यानंतरचं, असे दोन भेदही इतिवुत्तकात आहेत. फेऱ्यातून सुटका हा अर्थ मूळ ग्रंथांतून काढून टाकता येतो असं मला वाटत नाही. आत्म्याने देह बदलणं बुद्धांनी नाकारलं, इथपर्यंत मी तुमच्यासोबत आहे.

धम्मपथिक:
ती सुत्तं नंतर भिक्खूंनी घडवली असतील, हाही विचार बाबासाहेबांनी मांडला आहे. या मुद्द्यावर मी मागे येणार नाही.

जुनी_पोथी:
येऊ नका. मीही येत नाही. पण याच आयुष्यात काय बदलतं, हा तुमचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो, म्हणून त्याच बाजूची एक गोष्ट सांगते. फरक मला तिच्यात सगळ्यात जास्त कळला.

कोसंबीत काही वडीलधारे भिक्खू घोषितारामात होते, आणि खेमक नावाचा भिक्खू बदरिकारामात आजारी पडला होता. त्यांनी दासक नावाच्या भिक्खूला विचारपूस करायला पाठवलं. खेमकाने निरोप दिला, दुखणं वाढतं आहे. दासक परत आला. त्यांनी विचारायला लावलं, पाच स्कंधांपैकी कशाला तू आत्मा मानतोस का? नाही, खेमकाने कळवलं. मग तू अर्हत झालास का? तेही नाही. 'हे मी आहे' असं मी कशालाच म्हणत नाही, पण 'मी आहे' हे अजून गेलेलं नाही. म्हणजे काय, हे विचारायला दासकाला पुन्हा पाठवलं, तेव्हा खेमक म्हणाला, पुरे झाली ही धावाधाव, माझी काठी आण. आणि तसाच आजारी, काठी टेकत स्वतः गेला.

तिथे त्याने सांगितलं, कमळाचा वास पाकळीचा म्हणावा, देठाचा की केसराचा? कशाचाच धड नाही, फुलाचा आहे. तसं 'मी आहे' हे रूपाचं नाही, वेदनेचं नाही, तरी दरवळतं. आणि मळकं कापड खाराने, शेणाने धुतलं, स्वच्छ झालं, तरी खाराचा वास मागे राहतो. ते सुगंधी पेटीत ठेवलं की तोही जातो. तसं स्कंध कसे उठतात, कसे मावळतात हे पाहत राहिलं की 'मी आहे'चा तो उरलेला वासही जातो. हे सांगता सांगताच ते भिक्खू मुक्त झाले, आणि बोलणारा खेमकही.

आता हे याज्ञवल्क्यांशेजारी ठेवा. देह मी नाही, मन मी नाही, इथपर्यंत दोन्ही वाटा जवळजवळ सारख्या आहेत. शेवटी जे नुसतं 'आहे' उरतं, त्याला वेदान्ती म्हणतो, हेच ते, इथेच थांब. खेमक त्यालाच खाराचा वास म्हणतो.

नेतिनेति:
पहिल्यांदा लिहितो. पोथीताई, शेवटच्या वाक्यावर आक्षेप आहे. खेमकाचं 'मी आहे' हा अहंकार आहे. तो वेदान्तातही जातोच, टिकत नाही. साक्षी म्हणजे 'मी आहे' असं वाटणं नव्हे. ते वाटणं ज्याच्या प्रकाशात दिसतं तो साक्षी. खेमकालाही तो वास आहे हे कळलं आणि नंतर तो गेला हेही कळलं. ते कळणं कुठून आलं? बुद्धांनी 'आत्मा नाही' असंही थेट म्हटलेलं नाही. याच वच्छाने एकदा 'आत्मा आहे का, नाही का' असं विचारलं तेव्हा ते गप्प राहिले. तुम्ही त्या मौनाला नकार समजता आहात.

जुनी_पोथी:
आक्षेप बळकट आहे. गप्प राहिले हे खरं. पण नंतर त्यांचा शिष्य आनंद याने कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले की 'आहे' म्हटलं असतं तर मी शाश्वतवाद्यांच्या बाजूला गेलो असतो, 'नाही' म्हटलं असतं तर उच्छेदवाद्यांच्या, आणि आधीच गोंधळलेला वच्छ 'माझा होता तो आत्मा आता नाही' म्हणून आणखी गोंधळला असता. या मौनात साक्षीला जागा आहे असं मला दिसत नाही. बुद्धांच्या इथे विज्ञानही, म्हणजे तुम्ही ज्याला कळणं म्हणता तेही, कारणांवर उठणारं आणि कारणांसोबत मावळणारं आहे. ते पाचांतलंच एक.

नेतिनेति:
उठणारं-मावळणारं विज्ञान ही आमच्याकडे मनाची वृत्ती. ती मावळते हे कोणाला कळलं, हा माझा प्रश्न तसाच उभा आहे.

धम्मपथिक:
आणि 'कोणाला' असं विचारलं की उत्तरात कोणीतरी येणारच. 'कशामुळे कळलं' असं विचारा. बुद्ध प्रश्न असाच फिरवून देतात.

रिद्धपूरकर:
प्रश्न फिरवला म्हणजे सुटला असं नाही. मी नेतिनेतींच्या बाजूने नाही, पण इथे ते बरोबर आहेत.

वर्धेकाठी:
गुरुजींना हा सगळा धागा फोनवर वाचून दाखवला. 'सापडत नाही' असं ते म्हणाले होते ते यमकाच्या सुत्तातूनच, हे त्यांनी सांगितलं. खेमकाची गोष्ट त्यांनी वाचलेली नव्हती. वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी वाचन असतं, त्यात एक दिवस ती घेऊ म्हणाले, आणि मलाही बोलावलं आहे. नेतिनेतींचा प्रश्न मी तिथे जसाच्या तसा विचारणार आहे. पोथीताई, ते सुत्त नेमकं कुठे आहे तेवढं सांगाल का?

जुनी_पोथी:
संयुत्त निकायात, खंध संयुत्तात. यमकाचं आणि खेमकाचं जवळजवळच सापडेल. यमकाचं आधी वाचा. नेतिनेतींचा प्रश्न विचारल्यावर गुरुजी काय म्हणाले ते इथे जरूर लिहा.

पऱ्हाटी:
वर्धेकाठीभाऊ, तुमचं गाव आमच्यापासून लांब नाई. वाचनाचा दिवस ठरला का मलेबी कळवा, येतो मी.